मजकूर आधीच भरलेली एसएमएसची लिंक: अँड्रॉइडवर चालते, आयफोनवर रिकामी उघडते

रानवाट

नमस्कार मंडळी. मी फलटणकडच्या एका गावात दूध संकलन केंद्रावर हिशेब आणि कॉम्प्युटरचं काम बघते. जनावर आजारी पडलं की सभासद आमच्या डॉक्टरांना फोन करतात. डॉक्टर कुठल्या तरी गोठ्यात हातमोजे घालून उभे असतात, फोन उचलत नाहीत, आणि संध्याकाळी बघावं तर वीस मिस्ड कॉल. कोणाचा कॉल कशासाठी होता हे कळत नाही. म्हणून ठरवलं की सभासदांनी एसएमएस करायचा. आमच्या वाडी-वस्त्यांवर इंटरनेट येतं-जातं, पण एसएमएस पोचतो.

लोकांना मेसेज टाइप करायला लावलं तर नुसतं "लवकर या" येतं. म्हणून केंद्राच्या पानावर एक बटण केलं. दाबलं की मेसेजचं अ‍ॅप उघडतं, नंबर आणि सुरुवातीचा मजकूर आधीच भरलेला असतो, सभासदाने पुढे आपला क्रमांक टाकून पाठवायचं. लिंक अशी (खरा नंबर इथे देत नाही):

```
sms:+91XXXXXXXXXX?body=जनावर आजारी. सभासद क्र. 
```

माझ्या अँड्रॉइडवर छान चालली. चेअरमनसाहेबांच्या मुलाकडे आयफोन आहे, त्याच्याकडे नंबर आला पण मजकुराची जागा रिकामी. शेजारच्या केंद्रावरच्या मुलाने मला दुसरी लिंक करून दिली, तिच्यात शब्दांच्या मधे अधिकचं चिन्ह दिसतं: "जनावर+आजारी.+सभासद". एकाच लिंकने सगळ्यांचं भागेल असं काही आहे का? फोन ओळखून वेगवेगळी लिंक द्यावी लागणार असेल तर तसं सांगा, तेही करेन.

घाटमाथा

ताई, तुमची लिंक नियमाप्रमाणे आहे. `sms:` साठी आरएफसी ५७२४ हे प्रमाण आहे, जानेवारी २०१० मध्ये आलं. त्यात नंबर, मग प्रश्नचिन्ह, मग `body=` असंच लिहायला सांगितलंय. चूक फक्त मजकुराची आहे, तो एन्कोड केलेला नाही. मोकळ्या जागेसाठी `%20` टाका आणि मराठी अक्षरंही त्याच पद्धतीने लिहा, मग सगळीकडे चालेल. तो अधिकच्या चिन्हांचा प्रकारही एन्कोडिंगचाच आहे.

सांजवात

एक शंका. असं मजकूर भरून एसएमएस पाठवायला आता मोबाइल कंपनीकडची डीएलटी नोंदणी लागते ना? आमच्या पतसंस्थेने हप्त्याच्या आठवणीचे मेसेज सुरू केले तेव्हा टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागलं होतं, हेडर घ्यावं लागलं, महिनाभर खेटे घातले. त्यात मंजूर मजकुरापेक्षा एक शब्द जरी वेगळा असला तरी मेसेज अडायचा. तुम्ही आधी ते बघा, नाहीतर सगळं करून अडकाल.

खटपट्या

सांजवातताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण दिशा उलटी आहे. संस्था जेव्हा स्वतःच्या नावाने शेकडो लोकांना मेसेज धाडते तेव्हा डीएलटी लागतं. इथे शेतकरी स्वतःच्या सिमवरून एका माणसाला मेसेज करतोय. लिंक फक्त कागद-पेन पुढे करते, पाठवण्याचं बटण माणूसच दाबतो. त्यामुळे नोंदणीचा प्रश्न येत नाही.

आता रानवाटताईंचं. घाटमाथा एन्कोडिंगबद्दल बरोबर बोलले, पण आयफोनची अडचण एन्कोडिंगने सुटणार नाही. प्रमाण काय म्हणतं हे अ‍ॅपलने फारसं मनावर घेतलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या जुन्या कागदपत्रात तर लिहिलंय की `sms:` च्या लिंकमध्ये मेसेजचा मजकूर असू नये. म्हणजे जे काही चालतं ते कुठे लिहून दिल्याशिवाय चालतं. आयओएस ७ पर्यंत मजकुरासाठी अर्धविराम लागायचा, `;body=` असा. आयओएस ८ पासून `&body=` लागायला लागलं. अँड्रॉइडला मात्र प्रश्नचिन्ह हवं. या ओढाताणीतून लोकांनी शोधलेला मधला मार्ग असा:

```
sms:+91XXXXXXXXXX?&body=...
```

प्रश्नचिन्ह आणि लगेच `&`. दिसायला चुकीचं वाटतं, पण चालतं. फोन ओळखून दोन लिंका देण्याची गरज नाही.

तो का चालतो तेही सांगतो, म्हणजे उद्या काही बिघडलं तर कुठे बघायचं ते कळेल. अँड्रॉइडच्या खुल्या कोडमध्ये जे मेसेजिंग अ‍ॅप आहे ते लिंक मिळाली की प्रश्नचिन्ह शोधतं. त्याच्या पुढचं सगळं `&` वर तोडून तुकडे करतं. मग एकेक तुकडा बघतं, ज्याची सुरुवात `body=` ने होते तो मजकूर म्हणून घेतं. `?&body=` मध्ये पहिला तुकडा रिकामा निघतो, दुसरा कामाचा निघतो. रिकाम्या तुकड्याने काही अडत नाही. आयफोनला `&body=` दिसलं की त्याचं काम होतं.

एन्कोडिंग हाताने करू नका. जावास्क्रिप्टमध्ये एवढं पुरे:

```js
const m = "जनावर आजारी. सभासद क्र. ";
a.href = "sms:+91XXXXXXXXXX?&body="
       + encodeURIComponent(m);
```

शेजारच्या मुलाने बहुधा `URLSearchParams` वापरलं असणार. ते मोकळ्या जागेचं अधिकचं चिन्ह करतं. वेबच्या फॉर्मसाठी ते बरोबर, पण आयफोन ते चिन्ह जसंच्या तसं मजकुरात दाखवतो.

घाटमाथा

माझ्याकडच्या आयफोनवर साधं `?body=` चालतं. आत्ताच करून बघितलं. मजकूर पूर्ण आला.

दूरदेशी

माझ्याकडच्या जुन्या आयफोनवर नाही चालत, नवऱ्याच्या फोनवर चालतं. दोन्हीवर `?&body=` चालतं.

खटपट्या

मलाही अशीच उलटसुलट उत्तरं मिळाली आहेत. नक्की कुठल्या आवृत्तीपासून सुरू झालं हे अ‍ॅपलने कुठे लिहिलेलं मला सापडलेलं नाही, म्हणून मी त्यावर विसंबत नाही. गावात लोकांकडे कुठला आयफोन असेल ते आपल्या हातात नाही. चेअरमनसाहेबांच्या मुलाचा रिकामा उघडला, तेवढं कारण मला पुरे आहे.

रानवाट

खटपट्यादादा, खूप आभार. `?&body=` टाकलं आणि आयफोनवर मजकूर आला. अधिकची चिन्हंही गेली.

आता नवीनच अडलंय. दुसरं एक बटण केलं, लसीकरणाच्या नोंदणीसाठी. मजकूर होता "लस हवी: लाळ्या-खुरकूत & घटसर्प. सभासद क्र. ". माझ्या फोनवर मेसेज "लस हवी: लाळ्या-खुरकूत " इथेच तुटतो. पुढचं घटसर्पही नाही आणि सभासद क्रमांकही नाही. आयफोनवर तोच पूर्ण येतो. या वेळी अडचण उलटी झाली.

घाटमाथा

मजकुरातलं `&` एन्कोड करा, `%26` होतं. नाहीतर फोनला वाटतं की पुढचा भाग सुरू झाला.

रानवाट

दादा, ते केलेलं आहे. `encodeURIComponent` च वापरलंय. लिंकवर बोट दाबून धरलं, कॉपी करून बघितली, तिच्यात `%26` स्पष्ट दिसतंय. तरी तुटतं.

खटपट्या

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. वर मी जो कोड सांगितला त्यातच हे दडलंय. ते अ‍ॅप लिंकचा मजकूर घेताना आधी एन्कोडिंग सोडवून घेतं आणि मग `&` वर तोडतं. तुम्ही प्रामाणिकपणे पाठवलेलं `%26` पहिल्या पायरीला `&` होतं. दुसऱ्या पायरीला त्याच `&` वर सुरी चालते. कामाचा तुकडा "body=लस हवी: लाळ्या-खुरकूत " असा निघतो, बाकीचा " घटसर्प. सभासद क्र. " हा तुकडा `body=` ने सुरू होत नाही म्हणून टाकला जातो. तुमच्या फोनवर नेमका तिथेच तुटतोय, त्या मोकळ्या जागेपर्यंत, हे बघा.

एवढ्यावर थांबत नाही. तुकडा मिळाल्यावर ते अ‍ॅप त्याचं एन्कोडिंग पुन्हा एकदा सोडवतं. म्हणजे मजकुरात खरोखरचं अधिकचं चिन्ह असेल, समजा "+91" लिहिलं असेल, तर तुम्ही ते `%2B` करून पाठवलं तरी दुसऱ्या फेरीत त्याची मोकळी जागा होते. आणि "फॅट ४% पेक्षा कमी" असं काही लिहिलंत तर टक्क्याच्या पुढची अक्षरं हा एन्कोडिंगचा भाग समजून ते गोंधळतं.

दोनदा एन्कोड करून पाठवलं तर अँड्रॉइडवर बरोबर येईल, पण आयफोनवर सगळा `%E0%A4` चा कचरा दिसेल. त्या वाटेला जाऊ नका. मजकुरात `&`, `+`, `%` आणि `#` ही चार चिन्हं ठेवूच नका. "आणि" लिहा, "टक्के" लिहा. वेगवेगळ्या कंपन्या आपापलं मेसेजचं अ‍ॅप देतात, प्रत्येकाने हा भाग कसा लिहिलाय ते आपल्याला दिसत नाही. जे चिन्ह कुठेच अडत नाही तेच वापरायचं.

रानवाट

"लाळ्या-खुरकूत आणि घटसर्प" केलं. दोन्हीकडे पूर्ण आलं. दोन दिवस मी एन्कोडिंगच तपासत बसले होते, आता जीव भांड्यात पडला.

गोठा_आणि_गाव

मी पशुवैद्यक आहे, कोल्हापूरकडे. ताईंच्या कामाशी माझा रोजचा संबंध असल्याने दोन गोष्टी सांगतो.

"जनावर आजारी" या दोन शब्दांवरून मला काहीच ठरवता येत नाही. गाय अडली असेल किंवा पोट फुगलं असेल तर मी हातातलं काम टाकून निघतो. दूध कमी झालं असेल तर संध्याकाळी गेलो तरी चालतं. त्यामुळे एका बटणाऐवजी तीन-चार करा: "पोटफुगी", "गाय अडली", "ताप, खात नाही", "कासदाह". लिंक शेवटी नुसता मजकूरच भरते ना, मग प्रत्येक बटणाचा मजकूर वेगळा ठेवायला अडचण नसावी. मला मेसेजचा पहिला शब्द वाचून कळलं पाहिजे.

दुसरं, सभासद क्रमांक मागताय ते उत्तम केलंत. आमच्याकडे नंबरावरून ओळखायचा प्रयत्न केला होता आणि फसला. लोकांकडे दोन सिमचे फोन. नोंदवहीत एक नंबर, मेसेज येतो दुसऱ्यावरून.

खटपट्या

डॉक्टर, अगदी बरोबर. कुठल्या सिमवरून जायचं हे लिंकमध्ये सांगता येत नाही. ते फोनच्या सेटिंगवर आणि पाठवणाऱ्याच्या बोटावर असतं. ओळख मजकुरातच हवी.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत असते. आमच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या स्वयंपाकाच्या टीमला एकदम मेसेज करायचा म्हणून मी अशीच लिंक केली होती, पाच नंबर स्वल्पविरामाने जोडून. काहींच्या फोनवर पाचही आले, काहींच्या नाही. आयफोनवर शेवटी हे चाललं:

```
sms:/open?addresses=NUM1,NUM2&body=...
```

पण हे अँड्रॉइडवर चालत नाही. ताईंना डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस दोघांना मेसेज जायला हवा असेल तर हे लक्षात ठेवा.

खटपट्या

प्रमाणात स्वल्पविरामच सांगितलाय. पण अँड्रॉइडवर काही अ‍ॅप स्वल्पविराम मानत आली, काही अर्धविराम. अनेक नंबरांची सगळीकडे चालणारी एक लिंक माझ्या बघण्यात नाही. एकाच नंबरावर घ्या आणि तिथून पुढे कळवा.

रानवाट

सध्या एकच नंबर आहे, केंद्रावरचा. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चार बटणं करते.

पण अजून एक घोळ आहे. पानाची लिंक मी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकते, ती उघडते, बटण चालतं. एका सभासदाने ती दुसऱ्या कुठल्या तरी अ‍ॅपमध्ये उघडली तर बटण दाबल्यावर `ERR_UNKNOWN_URL_SCHEME` असं आलं. आणि काहींकडे मुळात नेटच नसतं, मग पान उघडणार कसं? मी एसएमएसवर आले ते नेट नाही म्हणूनच.

खटपट्या

ती चूक पानाची नाही. काही अ‍ॅपच्या पोटातच छोटा ब्राउझर असतो. त्याला `http` सोडून बाकी लिंका बाहेरच्या अ‍ॅपकडे द्यायला त्या अ‍ॅपच्या बनवणाऱ्याने सांगावं लागतं. सांगितलं नसेल तर तो `sms:` हा वेबचा पत्ता समजून उघडायला जातो आणि ही चूक दाखवतो. पानावर एक ओळ लिहा: "बटण चाललं नाही तर हे पान क्रोममध्ये उघडा". त्याखाली नंबर आणि मजकूर साध्या अक्षरांतही ठेवा, म्हणजे हाताने लिहिता येईल. पान कोणी कॉम्प्युटरवर उघडलं तरी तीच ओळ कामाला येईल.

नेट नसेल तर क्यूआर कोड. लिंक वेबपानाची न देता सरळ `sms:` चीच कोडमध्ये भरा. कॅमेरा कोड वाचतो, मेसेजचं अ‍ॅप उघडतो, नेट लागत नाही. कोड छापून गोठ्यात किंवा केंद्राच्या भिंतीवर लावा.

इथे मराठी मजकूर महाग पडतो हे आधीच सांगतो. देवनागरीचं एक अक्षर, काना-वेलांटीसुद्धा वेगळं धरून, तीन बाइटचं असतं. एन्कोड केलं की प्रत्येकाची नऊ अक्षरं होतात. "पाणी" एवढा शब्द असा होतो:

```
%E0%A4%AA%E0%A4%BE%E0%A4%A3%E0%A5%80
```

तुमचा "जनावर आजारी. सभासद क्र. " हा मजकूर फक्त २४ अक्षरांचा आहे. त्यात देवनागरी १८, बाकी टिंबं आणि मोकळ्या जागा. एन्कोड झाल्यावर त्याची १७६ होतात, नंबर वगैरे धरून पूर्ण लिंक २०० अक्षरांची. चूक-दुरुस्तीच्या मध्यम पातळीवर त्याचा क्यूआर ५७ बाय ५७ चौकटींचा निघतो. त्याऐवजी मजकूर इंग्रजी अक्षरांत नुसता "AJARI " ठेवला तर लिंक ३२ अक्षरांची आणि कोड २९ बाय २९. छोट्या स्टिकरवर पहिला कोड बारीक जाळीसारखा दिसतो. गोठ्यातली धूळ, पाणी, कॅमेऱ्याची ओरखडलेली काच, या सगळ्यात दुसरा पटकन वाचला जातो.

घाटमाथा

क्यूआरसाठी `SMSTO:` म्हणूनही एक लिहिण्याची पद्धत आहे ना? त्यात एन्कोडिंग लागत नाही.

खटपट्या

हो, चांगलं आठवलंत.

```
SMSTO:+91XXXXXXXXXX:जनावर आजारी. सभासद क्र. 
```

यात मजकूर सरळ लिहितात, त्यामुळे तोच मजकूर ८० बाइटमध्ये बसतो आणि कोड ३७ बाय ३७ होतो. `&` आणि `?` चा वादही संपतो, कारण ही लिंक नाही, स्कॅनरने ओळखायचा एक साचा आहे. पण वेबपानावर हे चालणार नाही, फक्त क्यूआरमध्ये. आणि गावातले लोक ज्या-ज्या अ‍ॅपने कोड वाचतात ते सगळे हा साचा ओळखतात का ते बघायला लागेल. पैसे देण्याच्या अ‍ॅपचा स्कॅनर कोड वाचेल पण मेसेज उघडणार नाही, हे लोकांना सांगावं लागेल. आपल्याकडे बहुतेकांचा हात आधी त्याच अ‍ॅपकडे जातो.

गोठा_आणि_गाव

मराठी मजकुराचा खर्च पाठवणाऱ्यालाही पडतो ना? आमच्या एका मोठ्या मेसेजचे दोन धरले गेले होते.

खटपट्या

पडतो. इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरीचं एक जरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. ७१ वं अक्षर आलं की दोन एसएमएस, आणि जोडून पाठवताना प्रत्येकात ६७ च मावतात. ताईंचे २४ गेले, उरले ४६. सभासद क्रमांक आणि वस्तीचं नाव त्यात आरामात बसतं. पण "नमस्कार, मी आपल्या दूध संकलन केंद्राचा सभासद" अशी सुरुवात भरून ठेवली तर तिथेच निम्म्याहून जास्त जागा संपते. ताई, भरलेला मजकूर जितका आखूड तितकी शेतकऱ्याला जागा जास्त.

सांजवात

माझ्या सासऱ्यांचा फोन साधा कीपॅडचा आहे. त्यांना हे काही उपयोगाचं नाही ना?

रानवाट

ताई, त्यांच्यासाठी भिंतीवर नंबर आणि चार शब्द मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे. "AJARI, मोकळी जागा, सभासद क्रमांक" एवढं पाठवलं तरी मी ओळखेन. आमच्याकडेही निम्मे सभासद कीपॅडवाले आहेत.

दूरदेशी

एक विचारायचं राहिलं. माझ्या आयफोनवरून असा मेसेज गेला तर तो एसएमएस म्हणून जाईल याची खात्री कुठे आहे? समोरच्याकडे आयफोन असेल तर निळा आयमेसेज जातो, तो नेटवरून जातो. अँड्रॉइडलाही आता आरसीएस आहे, तेही नेटवरूनच जातं.

खटपट्या

हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. `sms:` लिंक फक्त मेसेजचं अ‍ॅप उघडते. पुढे तो मेसेज एसएमएस म्हणून जायचा की चॅट म्हणून, हे अ‍ॅप ठरवतं. "एसएमएसच पाठव" असं लिंकमध्ये सांगायची सोय नाही. पाठवणारा आणि घेणारा दोघांकडे आरसीएस चालू असेल तर मेसेज नेटने जायला बघतो. नेट अर्धवट असेल, म्हणजे वस्तीवर जसं असतं तसं, तर तो अडकून बसू शकतो. काही फोनांत "नाही गेला तर एसएमएसने पाठवा" अशी सेटिंग असते, पण ती प्रत्येकाच्या फोनवर चालू आहे हे कोण बघणार?

शंभर सभासदांचे फोन आपल्या हातात नाहीत. घेणारा फोन मात्र एकच आहे आणि तो केंद्रावर आहे. त्यावर आरसीएस बंद करा. समोर चॅट घेणारं कोणी नाही असं दिसलं की पाठवणाऱ्याचं अ‍ॅप एसएमएसवर येतं. त्याहून सोपं म्हणजे ते सिम एका कीपॅडच्या फोनमध्ये घाला. फक्त तो फोन मराठी अक्षरं दाखवतो की चौकोन, ते आधी एक मेसेज पाठवून बघा. आणि ते सिम आधी स्मार्टफोनमध्ये असेल तर काढण्यापूर्वी तिथलं आरसीएस किंवा आयमेसेज आठवणीने बंद करा, नाहीतर नंबर काही काळ चॅटवालाच समजला जातो आणि मेसेज हवेत राहतात.

रानवाट

हे माझ्या लक्षातही आलं नसतं. केंद्राचं सिम आत्ता स्मार्टफोनमध्ये आहे. काल एका सभासदाने "मी सकाळीच पाठवला" असं सांगितलं, आणि माझ्याकडे तो दुपारी आला. त्याची वस्ती ओढ्यापलीकडे आहे. हेच कारण असेल का?

खटपट्या

असू शकतं. त्याच्या फोनवर तो मेसेज उघडून बघायला सांगा. मेसेजवर किंचित दाबून धरलं की तपशील येतो, त्यात तो एसएमएस म्हणून गेला की चॅट म्हणून ते लिहिलेलं असतं. एसएमएसच असेल तर टॉवरचा दोष, तिथे आपण काही करू शकत नाही.

रानवाट

चार दिवसांनी लिहितेय. त्या सभासदाचा मेसेज चॅट म्हणूनच गेला होता. केंद्राच्या फोनवर चॅट बंद केलं, मग सिम काढून जुन्या कीपॅड फोनमध्ये घातलं. मराठी नीट दिसतं. त्याच सभासदाला ओढ्यापलीकडून पुन्हा पाठवायला लावलं, या वेळी लगेच आला.

बटणं आता चार आहेत आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पहिला शब्द आजाराचा आहे. पोटफुगीचं क्यूआरमधलं असं:

```
sms:+91XXXXXXXXXX?&body=POTFUGI%20
```

वेबपानावर मराठी मजकूर ठेवला, क्यूआरसाठी मात्र इंग्रजी अक्षरं घेतली. `SMSTO:` चा कोडही छापून बघितला. सात फोनांवर तपासला, पाचांवर मेसेज उघडला, दोनांवर नुसती अक्षरं दिसली. `sms:` चा सातही फोनांवर उघडला, म्हणून तोच लावला. स्टिकर दूध मोजायच्या खिडकीशेजारी लावलाय, तिथे प्रत्येक जण दोन मिनिटं उभा असतोच.

एक अजून सुटलेलं नाही. एका सभासदाच्या फोनवर मेसेजचं अ‍ॅप आधीच उघडं असलं आणि त्यात अर्धवट लिहिलेला मसुदा पडून असला तर लिंकचा मजकूर येत नाही, जुना मसुदाच दिसतो. मसुदा पुसला की येतो. कोणाला यावर काही माहीत असेल तर लिहा.

खटपट्या

मी हे एका फोनवर बघितलंय, दुसऱ्या कंपनीच्या फोनवर नवीन मजकूर मसुद्यावर बसला होता. त्या सभासदाच्या फोनचं मॉडेल आणि मेसेजच्या अ‍ॅपचं नाव इथे टाका, मी माझ्याकडे करून बघतो.